डिटेक्टरचा पर्प्लेक्सिटीचा आकडा येतो कुठून

प्रश्न: मी मराठीत लिहिलेल्या लेखाला एका डिटेक्टरने "पर्प्लेक्सिटी कमी, बर्स्टिनेस कमी, बहुधा एआयने लिहिलेला" असा शेरा दिला. लेख पूर्ण माझाच आहे. हे दोन आकडे काढतात कसे, आणि त्यावरून मशीन ओळखता येतं ते कशाच्या जोरावर?

आधी पर्प्लेक्सिटी घेऊ, कारण बर्स्टिनेस तिच्यातूनच निघतो. भाषेचं मॉडेल एकच काम करतं: आतापर्यंतचे शब्द बघून पुढे कोणता शब्द येईल याच्या शक्यता मांडतं. डिटेक्टर तुमचा लेख अशा एखाद्या मॉडेलला शब्दाशब्दाने दाखवतो आणि दर वेळी विचारतो, "प्रत्यक्षात जो शब्द आला, त्याला तू किती शक्यता दिली होतीस?" शक्यता मोठी असेल तर मॉडेलला काहीच नवल वाटलं नाही. अगदी बारीक असेल तर ते दचकलं. या दचकण्याची सरासरी म्हणजे पर्प्लेक्सिटी. १९७७ मध्ये आयबीएममध्ये जेलिनेक आणि सहकाऱ्यांनी ती मांडली तेव्हा प्रश्न वेगळा होता: बोललेले शब्द यंत्राने ओळखायचे तर एखादं काम किती अवघड आहे हे मोजायचं कसं? लेखक ओळखायला हे माप बनलेलंच नाही, हे पुढचं सगळं वाचताना लक्षात असू द्या.

एक वाक्य हातानेच सोडवू. शक्यता मी हिशोब सोपा व्हावा म्हणून मनाने धरल्यात. वाक्य आहे, "बाहेर जोराचा पाऊस पडत होता." सुरुवातीलाच "बाहेर" येण्याची शक्यता १/६४ धरू. "बाहेर"नंतर "जोराचा" १/१६. "बाहेर जोराचा"नंतर पाऊस, वारा, आवाज असं मोजकंच काही येऊ शकतं, म्हणून "पाऊस" १/४. मग "पडत" १/२. शेवटी "होता" किंवा "आहे", म्हणून पुन्हा १/२.

या शक्यतांचा थेट गुणाकार केला तर लांब लेखात तो शून्याच्या इतका जवळ जातो की संगणकही त्याला शून्यच समजतो. म्हणून लॉग घेतात. दोनच्या पायाने लॉग घेतला की प्रत्येक शब्दाचं नवल बिटमध्ये मिळतं: १/६४ म्हणजे ६ बिट, १/१६ म्हणजे ४, १/४ म्हणजे २, आणि १/२ म्हणजे १. आपल्या वाक्याचे ६ + ४ + २ + १ + १ = १४ बिट झाले. शब्द पाच, म्हणून सरासरी २.८ बिट. आता लॉग उलटवायचा: २ चा २.८ वा घात, म्हणजे जवळपास ७. ही या वाक्याची पर्प्लेक्सिटी. तिचा अर्थ असा, की दर शब्दाला मॉडेल जणू सात सारख्याच शक्यतेच्या पर्यायांपुढे उभं होतं.

आता एकच शब्द बदला: "बाहेर जोराचा पाऊस कुरकुरत होता." या जागी "कुरकुरत" येण्याची शक्यता १/४०९६ धरली तर त्या एका शब्दाचे १२ बिट होतात. बेरीज २५, सरासरी ५, पर्प्लेक्सिटी ३२. पाचांपैकी चार शब्द तेच, त्यांच्या शक्यताही त्याच, तरी आकडा सातावरून बत्तिसावर गेला. छोट्या मजकुराचा आकडा एवढा उड्या का मारतो याचं उत्तर इथेच आहे. दोन-चार ओळी चिकटवून मिळालेल्या निकालाला मी किंमत देत नाही.

प्रत्यक्षात हे काम इतक्या ओळींत होतं:

```python
import torch
from transformers import AutoTokenizer, AutoModelForCausalLM

tok = AutoTokenizer.from_pretrained("gpt2")
model = AutoModelForCausalLM.from_pretrained("gpt2").eval()

def ppl(text):
    ids = tok(text, return_tensors="pt").input_ids
    with torch.no_grad():
        loss = model(ids, labels=ids).loss
    return torch.exp(loss).item()
```

इथे `loss` म्हणजे आपण वर काढलेली सरासरीच, फक्त लॉगचा पाया २ ऐवजी `e` आहे. उलटवताना `exp` वापरलं की उत्तर तेच येतं. मॉडेल मजकूर ज्या छोट्या तुकड्यांत वाचतं त्यांना टोकन म्हणतात. या कोडमध्ये पहिल्या टोकनला गुण मिळत नाहीत, कारण त्याच्या आधी काही नसतं. शिवाय कोडमधल्या जीपीटी-२ या मॉडेलला एका वेळी १०२४ टोकनच दिसतात, त्यामुळे लांब लेखाचे तुकडे करावे लागतात. ते कसे केले यावरही आकडा थोडा हलतो. दोन डिटेक्टर एकाच लेखाला वेगळे आकडे देतात त्याचं निम्मं कारण असल्या बारीकसारीक निर्णयांत असतं आणि उरलेलं मॉडेलमध्ये. पर्प्लेक्सिटी एकट्या मजकुराची नसते. ती मजकूर आणि मॉडेल या जोडीची असते.

मग मशीनच्या लेखनाचा आकडा कमी का येतो? लिहिणारं मॉडेलही शक्यतांची तीच यादी बनवतं आणि तिच्यातूनच शब्द उचलतं. उचलण्याच्या पद्धतीत मात्र एक पक्षपात मुद्दाम ठेवलेला असतो. समजा चार पर्यायांच्या शक्यता ०.५, ०.२५, ०.१२५ आणि ०.१२५ आहेत. 'टेम्परेचर' नावाची सेटिंग ०.५ ठेवली तर प्रत्येक शक्यतेचा वर्ग करून पुन्हा बेरीज १ होईल अशी वाटणी करतात. पहिला पर्याय ०.५ वरून ०.७३ वर जातो, शेवटचे दोन ०.१२५ वरून जेमतेम ०.०४५ वर येतात. जो पुढे होता तो आणखी पुढे, जो मागे होता तो जवळपास बाद. त्यावर 'टॉप-पी' लावला तर यादीचं शेपूट कापूनच टाकतात. "कुरकुरत"सारखा शब्द त्या शेपटात असतो. एखादा माणूस तो सहज लिहून जाईल, पण कापलेल्या यादीतून तो येणारच नाही.

हे शेपूट का कापतात तेही बघण्यासारखं आहे. होल्ट्झमन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये जीपीटी-२ कडून वेगवेगळ्या पद्धतींनी मजकूर लिहून घेतला आणि त्याच मॉडेलने त्याची पर्प्लेक्सिटी मोजली. माणसांनी लिहिलेल्या मजकुराचा आकडा सुमारे १२.४ आला. सगळ्यात संभाव्य वाक्य शोधत जाणाऱ्या 'बीम सर्च'चा दीडच्या आसपास, आणि तो मजकूर तेच तेच घोळवत बसला होता. फक्त वरच्या ४० पर्यायांतून उचलल्यावर आकडा ६.९ च्या आसपास आला. आणि काहीही न कापता पूर्ण यादीतून उचललं तेव्हा तो २२.७ वर गेला, म्हणजे माणसांपेक्षाही वर! कारण शेपटातले हजारो पर्याय एकेकटे नगण्य असले तरी मिळून बऱ्यापैकी मोठे होतात. कधीतरी त्यांतला एखादा भलताच शब्द पडतो आणि पुढचं वाक्य त्याच्या मागे भरकटतं.

म्हणजे "मशीनची पर्प्लेक्सिटी कमी असते" हा काही निसर्गनियम नाही. वाचण्याजोगा मजकूर हवा म्हणून आपण मशीनला यादीच्या वरच्या टोकाला बांधून ठेवतो. डिटेक्टर त्या बांधणीचा माग काढतो. चॅटसाठी शिकवलेल्या मॉडेलांत तर माणसांच्या पसंतीनुसार आणखी घोटून घेतात, त्यामुळे शक्यता मुळातच मोजक्या पर्यायांवर गोळा झालेल्या असतात. लिहिणारं मॉडेल एक आणि मोजणारं दुसरं असलं तरी बऱ्याचदा चालतं, कारण दोघंही साधारण सारख्याच मजकुरावर शिकलेली असतात आणि एकाला जे उघड वाटतं ते दुसऱ्यालाही फारसं नवं नसतं.

आता बर्स्टिनेस. पूर्ण लेखाचा एकच आकडा काढण्याऐवजी प्रत्येक वाक्याची पर्प्लेक्सिटी वेगळी काढायची आणि ते आकडे आपसांत किती वर-खाली होतात ते प्रमाण विचलनाने, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशनने मोजायचं. एक बनवलेलं उदाहरण घेऊ. एका परिच्छेदातल्या पाच वाक्यांचे आकडे १२, ५८, ९, ३१, ९५ आहेत. सरासरी ४१, विचलन सुमारे ३२. दुसऱ्या परिच्छेदाचे १४, १९, १६, २२, १४. सरासरी १७, विचलन ३.१. पहिल्यात साधं वाक्य, मग एखादं अनपेक्षित, पुन्हा साधं असा चढउतार आहे. दुसऱ्यात सगळी वाक्यं एका पातळीवर चालतात.

यात एक खोच आहे. पर्प्लेक्सिटी घातांकी माप असल्यामुळे सरासरी वाढली की विचलन आपोआप फुगतं. मग बर्स्टिनेस म्हणून जे दाखवतात त्यात पर्प्लेक्सिटीच दुसऱ्यांदा मोजली जाते, आणि वापरणाऱ्याला वाटतं की दोन स्वतंत्र पुरावे मिळाले. म्हणून मी विचलन नेहमी बिटमध्ये काढतो. वरचेच आकडे लॉग घेऊन मोजले तर पहिल्या परिच्छेदाचं विचलन १.३ बिट आणि दुसऱ्याचं ०.२५ बिट येतं. फरक दहापटीवरून पाचपटीवर आला, पण उरला तो खरा चढउताराचा फरक आहे. काही साधनं तर पर्प्लेक्सिटी न घेता वाक्यांच्या लांबीचं विचलन काढतात आणि त्यालाही बर्स्टिनेसच म्हणतात. आकड्यांच्या शास्त्रात याच नावाचं आणखी एक माप आहे: गो आणि बाराबाशी यांचं २००८ चं `B = (σ − μ)/(σ + μ)`. ते दोन घटनांमधल्या अंतरांवर चालतं. तेव्हा एका साधनाचा बर्स्टिनेस दुसऱ्याच्या शेजारी ठेवण्याआधी सूत्र बघावं.

मशीन सपाट का लिहितं, त्याचं कारण मघाशी आलंच आहे. उचलण्याचा नियम पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकच असतो. माणूस मात्र जागा बघून लिहितो. मुद्दे जोडणारी वाक्यं हात चालेल तशी लिहितो. जिथे स्वतःचं काही सांगायचं असतं तिथे थांबतो, शब्द शोधतो, कधी वाक्य अर्ध्यातच तोडतो. नवल त्या ठिकाणी साचतं.

इथवर सगळं ठीक चालतं. पण डिटेक्टरने प्रत्यक्षात काय मोजलं? मॉडेलला नवल वाटलं नाही, एवढंच. नवल न वाटण्याची इतर कारणंही आकडा तितकाच खाली आणतात.

सगळ्यात सरळ कारण पाठांतर. अमेरिकेचं स्वातंत्र्याचं घोषणापत्र १७७६ चं आहे, तरी डिटेक्टर त्याला यंत्रलिखित ठरवतात. ते इंटरनेटवर इतक्या ठिकाणी आहे की मॉडेलला ते जवळपास तोंडपाठ असतं. कायद्याचा मसुदा, करारातली कलमं, वैज्ञानिक लेखातलं कार्यपद्धतीचं प्रकरण असं ठरलेल्या साच्यातलं लेखनही याच वाटेने फसतं.

दुसरं कारण जास्त दुखरं आहे. स्टॅनफर्डच्या लियांग आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये टोफेल परीक्षेचे ९१ निबंध सात डिटेक्टरांना दिले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी लिहिलेले निबंध होते ते. सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले. परकी भाषा लिहिताना माणूस खात्रीचेच शब्द वापरतो, ओळखीच्याच रचना करतो, म्हणजे यादीच्या वरच्या टोकाला राहतो. त्याला कोणी टेम्परेचर लावलेलं नसतं, पण आकड्यावर परिणाम तोच होतो. त्याच अभ्यासात या निबंधांची शब्दसंपदा चॅटजीपीटीकडून वाढवून घेतली तेव्हा एआय ठरण्याचं प्रमाण बरंच घटलं. मशीनचा हात लागल्यावर मजकूर जास्त मानवी दिसू लागला. या मापाबद्दल याहून बोलकं मला काही माहीत नाही.

उलट बाजूही आहे. मशीनला विचित्र विषय दिला तर तिचा आकडा चढतो. प्रश्न काय होता हे डिटेक्टरला ठाऊक नसतं, त्याला फक्त उत्तर दिसतं. मशीनला "समुद्रतळावर भरलेली बुद्धिबळाची स्पर्धा" लिहायला सांगितली तर समुद्र आणि बुद्धिबळ शेजारी शेजारी बघून मोजणारं मॉडेल दचकतं. २०२४ च्या बायनॉक्युलर्स पद्धतीने यावर एक चांगली तोड काढली. दोन मॉडेल घ्यायची आणि मजकुराच्या नवलाला, एका मॉडेलचे अंदाज दुसऱ्याला किती नवलाचे वाटतात त्या आकड्याने भागायचं. विषयच विचित्र असेल तर वरचा आणि खालचा दोन्ही आकडे चढतात, भागाकार जागेवर राहतो.

आता तुमच्या मराठी लेखाकडे येऊ. मला सगळ्यात जास्त शंका इथेच आहे, कारण गोष्ट टोकनवर येऊन थांबते. वर मी हिशोब शब्दांवर केला, पण मॉडेल शब्द मोजत नाही, टोकन मोजतं. मजकुराचे टोकन पाडणारा जीपीटी-२ चा टोकनायझर बाइटवर चालतो आणि तो मुख्यतः इंग्रजीवर घडलेला आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं. "पाऊस" असा साठवला जातो:

```
प  e0 a4 aa
ा  e0 a4 be
ऊ  e0 a4 8a
स  e0 a4 b8
```

पहिला बाइट दर वेळी `e0`. दुसरा `a4` किंवा `a5`, याखेरीज काही नाही. खरी निवड होते ती तिसऱ्या बाइटमध्ये. समजा तिसऱ्या बाइटचं नवल ४ बिट आहे आणि पहिल्या दोघांचं जवळपास शून्य. तिघांची सरासरी ४/३ म्हणजे १.३३ बिट, आणि पर्प्लेक्सिटी अडीच! तेच ४ बिट एका चिन्हावर मोजले तर पर्प्लेक्सिटी १६. अख्ख्या "पाऊस" शब्दावर मोजले तर १६ बिट, म्हणजे ६५,५३६. नवल एकच, फक्त भागाकार कशाने केला ते बदललं. टोकनायझर काही ठिकाणी दोन-तीन बाइट जोडून एक टोकन करतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे इतके नेटके येत नाहीत, पण दिशा हीच राहते. किती आकड्याखाली लेख एआयचा धरायचा तो उंबरठा इंग्रजीवर ठरवलेल्या साधनात मराठी लेख टाकला तर तो कोणीही लिहिलेला असो, आकडा खालीच येणार. बर्स्टिनेसचंही तेच होतं. फुकटच्या बाइटांनी प्रत्येक वाक्याची सरासरी सारखीच खाली ओढली जाते आणि वाक्यावाक्यांतला फरक दबतो.

वाक्यं तोडण्याची गडबड वेगळीच. बरीच साधनं पूर्णविराम दिसला की वाक्य संपलं असं धरतात. "डॉ.", "इ.स.", "उदा." यांच्यामागे टिंब असतं. मग एका शब्दाची 'वाक्यं' तयार होतात. आधीचा संदर्भ न देता ती मोजली तर आकडा भलताच चढतो आणि बर्स्टिनेस फुगतो. एकाच मराठी लेखात एक चूक आकडा दाबते आणि दुसरी चढवते.

तुमच्या बाबतीत काय करता येईल? साधन कोणतं मॉडेल वापरतं हे सांगत असेल तर त्याच्या टोकनायझरमधून लेखाचा एक परिच्छेद पाठवा आणि टोकनांची संख्या शब्दांच्या संख्येने भागा. दर शब्दाला आठ-दहा टोकन पडत असतील तर ते मॉडेल मराठीचे तुकडे वाचतंय आणि त्याची टोकनामागची पर्प्लेक्सिटी बाजूला ठेवावी. मराठी नीट शिकलेलं मॉडेल मिळालं तर एकूण बिटना अक्षरांच्या संख्येने भागा आणि तोच हिशोब तुम्ही पूर्वी लिहिलेल्या चार-पाच लेखांवर करा. लेख त्याच प्रकारचे असू देत. वृत्तांताशी ललित लेख ताडून उपयोग नाही. नवा लेख तुमच्याच जुन्या लेखांच्या पट्ट्यात बसत असेल तर तो आकडा त्या शेऱ्यापेक्षा जास्त वजनाचा आहे. शेरा ज्यांनी लावला त्यांच्याकडून मॉडेलचं नाव, उंबरठा आणि तो उंबरठा कोणत्या भाषेतल्या मजकुरावर ठरवला हे तीन तपशील लेखी मागून घ्या.